बेरजेतून आकार, मोजमापातून कोन

अकरावीच्या रसायनशास्त्रात क्लोरीन ट्रायफ्लोराइडच्या रेणूचा आकार हमखास विचारला जातो. तयारीचा विद्यार्थी कागदाच्या कोपऱ्यात एक छोटी बेरीज मांडतो. क्लोरीनचे बाहेरचे इलेक्ट्रॉन सात, तीन फ्लोरीनचे प्रत्येकी एक धरून तीन, एकूण दहा. दोनाने भागले की पाच जोड्या. त्यातल्या तीन बंधात गेल्या, दोन मोकळ्या राहिल्या. उत्तर लिहिले जाते: इंग्रजी टी अक्षरासारखा. अर्ध्या मिनिटाचे काम आणि मार्क पदरात.

हा पदार्थ त्या विद्यार्थ्याने पाहिलेला नसतो, आणि पाहू नये हेच बरे. तो १२ अंश सेल्सिअसच्याही खाली उकळतो, पाण्याशी गाठ पडली तर स्फोट होतो, आणि वाळू, अ‍ॅस्बेस्टॉस यांसारख्या सहसा न पेटणाऱ्या वस्तूही त्याच्यापुढे टिकत नाहीत. अशा पदार्थाच्या रेणूचा आकार १९५३ मध्ये सूक्ष्मलहरी आणि क्ष-किरण यांच्या साह्याने मोजण्यात आला. मधला क्लोरीन, एकमेकांसमोर जवळपास सरळ रेषेत दोन फ्लोरीन आणि त्यांना काटकोनाच्या आसपास तिसरा. म्हणजे टीच. मात्र काटकोन नेमका ९० अंशांचा भरला नाही, ८७.५ भरला.

बेरजेने टी सांगितला, पण ८७.५ सांगितला नाही. बेरीज कुठपर्यंत पोहोचते, पुढचे अंश कुठून येतात आणि वर्गात त्याच दमात शिकवले जाणारे ‘संकरण’, म्हणजे हायब्रिडायझेशन, या सगळ्यात नेमके काय काम करते, याचा घोळ अनेकांच्या डोक्यात पदवीनंतरही राहतो. पुस्तके दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी छापतात, त्यामुळे त्या एकाच योग्यतेच्या वाटतात. तशा त्या नाहीत.

बेरजेची कल्पना आधी इंग्लंडमध्ये सविस्तर मांडली गेली. नेव्हिल सिजविक आणि हर्बर्ट पॉवेल यांनी १९४० साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढील व्याख्यानात दाखवून दिले की, मधल्या अणूभोवती इलेक्ट्रॉनांच्या एकूण जोड्या किती आहेत एवढे कळले तरी रेणूची ठेवण बहुतेक वेळा ओळखता येते. त्या जोड्या बंधातल्या आहेत की मोकळ्या, हे तूर्त बाजूला ठेवायचे. त्याच सुमारास जपानमध्ये रयुतारो त्सुचिदा यांनाही जवळजवळ हेच सुचले होते. मग १९५७ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील रोनाल्ड गिलेस्पी आणि रोनाल्ड नायहोम यांनी या कल्पनेत एक महत्त्वाची भर घातली. सगळ्या जोड्या सारख्या नसतात, मोकळी जोडी बंधातल्या जोडीपेक्षा जास्त जागा अडवते. आज जगभरच्या वर्गांत शिकवला जातो तो इलेक्ट्रॉन-जोड्यांच्या प्रतिकर्षणाचा सिद्धांत या दोघांच्या नावाने ओळखला जातो.

जोड्या एकमेकींपासून दूर का राहतात? ऋण प्रभार ऋण प्रभाराला ढकलतो, हे उत्तर लगेच सुचते. ते चूक नाही, पण मुख्य कारण वेगळे आहे. पाउलीच्या नियमानुसार एकाच दिशेची फिरत असलेले दोन इलेक्ट्रॉन एकाच ठिकाणी सापडू शकत नाहीत. अणूच्या बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन असतील तर चार एका फिरतीचे आणि चार उलट फिरतीचे. एका फिरतीचे चार एकमेकांना टाळत टाळत केंद्राभोवती जास्तीत जास्त अंतरावर पसरतात. गोलावर चार बिंदू परस्परांपासून शक्य तितके दूर ठेवायचे तर ते चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांवर येतात. दुसऱ्या फिरतीच्या चौघांचेही तसेच. बाजूला हायड्रोजनचे अणू आले की त्यांची केंद्रे दोन्ही फिरतीच्या इलेक्ट्रॉनांना आपल्या दिशेला ओढतात, दोन्ही चौकड्या एकमेकींवर बसतात आणि ज्याला आपण जोडी म्हणतो ती तयार होते.

भूमितीवर विश्वास बसत नसेल तर घरातले फुगे घ्यावेत. सारख्या आकाराचे चार फुगे फुगवून त्यांच्या गाठी एकत्र घट्ट बांधल्या की ते टेबलावर सपाट अधिक चिन्हासारखे राहत नाहीत, आपोआप चतुष्फलकी होतात. कसेही दाबा, सोडले की पुन्हा तिथेच. दोन फुगे सरळ रेषेत, तीन त्रिकोणात, सहा अष्टफलकात बसतात. पाच फुगे मात्र थोडे वेगळे वागतात. त्यांतले तीन मध्यभागी त्रिकोण करतात आणि उरलेले दोन वर-खाली जातात. या पाचांकडे पुढे परत यावे लागेल.

मिथेनमध्ये कार्बनभोवती चार जोड्या, चारही बंधातल्या. कोन चतुष्फलकाचा, १०९.५ अंश. अमोनियात नायट्रोजनभोवतीही चार जोड्या, पण बंध तीनच. चौथी जोडी मोकळी आहे. तिला विद्यार्थी लोन पेअर म्हणतात. बंधातल्या जोडीला दोन केंद्रे दोन्हीकडून ओढून धरतात, म्हणून ती आवळलेली असते. मोकळ्या जोडीला एकच केंद्र, म्हणून ती अणूच्या अंगालगत ऐसपैस पसरते आणि शेजारच्या बंधांना थोडे दाबते. अमोनियाचा कोन सुमारे १०७ अंशांवर येतो. पाण्यात ऑक्सिजनभोवती चार जोड्या, त्यांपैकी दोन मोकळ्या. दाब वाढला, कोन १०४.५ अंशांवर आला.

१०९.५, १०७, १०४.५. ही उतरंड इतकी देखणी आहे की, ती पाहून सगळे समजले असे वाटू लागते. पण बारकाईने पाहिले तर सिद्धांताने दोनच गोष्टी सांगितल्या. पाण्याचा रेणू वाकलेला असेल आणि कोन १०९.५ पेक्षा कमी असेल. किती कमी, हे सांगितलेले नाही. १०४.५ हा आकडा वाफेच्या वर्णपटातून मोजलेला आहे. मोकळ्या जोड्यांनी कोन पाच अंश दाबला हे वाक्य मोजमाप हातात आल्यानंतरचे आहे. भाकीत दिशेचे आहे, अंशांचे नाही. हा फरक ध्यानात ठेवला तर सिद्धांताकडून भलती अपेक्षा होत नाही आणि त्याची खरी ताकदही दिसते.

ती ताकद क्लोरीन ट्रायफ्लोराइडमध्ये दिसते.

पाच जोड्या. पाच फुग्यांप्रमाणे त्या त्रिकोणी द्विपिरॅमिडच्या कोपऱ्यांवर जातात, म्हणजे मधल्या पट्ट्यात तीन आणि वर-खाली दोन. पट्ट्यातल्या तिघींमध्ये १२० अंशांचे अंतर, वरची किंवा खालची मात्र पट्ट्यातल्या प्रत्येकीपासून ९० अंशांवर. थोडक्यात वर-खालच्या जागांना तीन जवळचे शेजारी आणि पट्ट्यातल्या जागांना दोनच. मोकळ्या जोड्या दोन आहेत. त्या कुठे बसवायच्या?

पर्याय तीन निघतात. दोन्ही मोकळ्या जोड्या वर-खाली ठेवल्या तर तीन फ्लोरीन पट्ट्यात येऊन रेणू सपाट त्रिकोणी होईल. एक वर आणि एक पट्ट्यात ठेवली तर रेणू बसक्या तिवईसारखा होईल, वेडावाकडा. दोन्ही पट्ट्यात ठेवल्या तर पट्ट्यात एक फ्लोरीन, वर एक आणि खाली एक, म्हणजे टी.

निवड करताना ९० अंशांवर कोण कोणासमोर येते एवढेच मोजायचे असते. १२० अंशांवरची धक्काबुक्की नगण्य धरली जाते. दोन मोकळ्या जोड्या काटकोनात येणे सगळ्यांत महागात पडते, मोकळी आणि बंधातली त्याहून कमी, दोन बंधातल्या सर्वांत कमी. वेडावाकड्या पर्यायात दोन मोकळ्या जोड्या थेट काटकोनात येतात, म्हणून तो आधीच बाद. सपाट त्रिकोणात दोन्ही मोकळ्या जोड्या परस्परांपासून १८० अंशांवर जातात. विद्यार्थी इथेच फसतात, कारण मोकळ्या जोड्या सर्वांत दूर म्हणजे सर्वांत उत्तम असे त्यांना वाटते. पण त्या रचनेत प्रत्येक मोकळी जोडी तिन्ही बंधांशी काटकोन करते, म्हणजे एकूण सहा महाग काटकोन. टीमध्ये प्रत्येक मोकळी जोडी वरच्या आणि खालच्या बंधाशीच काटकोन करते, म्हणजे चार, आणि उरलेले दोन काटकोन बंधा-बंधांमधले, स्वस्तातले. टी जिंकतो.

पुढचा टप्पाही यातूनच निघतो. पट्ट्यातल्या दोन मोकळ्या जोड्या वरच्या-खालच्या बंधांना स्वतःपासून दूर लोटणार, म्हणजे एकट्या तिसऱ्या बंधाच्या बाजूला झुकवणार. काटकोन ९० पेक्षा किंचित कमी भरायला हवा. मोजमाप ८७.५. शिवाय वर-खालच्या बंधांना तीन-तीन जवळचे शेजारी आहेत, तेव्हा ते लांबायला हवेत. मोजमापात ते सुमारे १७० पिकोमीटर आणि पट्ट्यातला बंध सुमारे १६० पिकोमीटर भरतो. एका क्षुल्लक बेरजेतून आकार, कोनाचा कल आणि बंधांच्या लांबीतला फरक एवढे हाती येते. रसायनशास्त्रात इतक्या स्वस्तात इतके देणारे नियम फार नाहीत.

आता संकरण.

लायनस पॉलिंग यांनी १९३१ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा त्यांच्यापुढे अडचण कार्बनची होती. कार्बनच्या बाहेरच्या कवचात एक गोल s कक्षक आणि परस्परांशी काटकोनात असलेले तीन डंबेलसारखे p कक्षक. यांनी चार बंध केले तर ते सारखे कसे होणार? मिथेनचे चारही बंध तर तंतोतंत सारखे आहेत. पॉलिंग यांनी गणिताने दाखवले की, त्या चार कक्षकांचे मिश्रण करून चार नवे, एकसारखे, चतुष्फलकाच्या कोपऱ्यांकडे तोंड केलेले कक्षक मांडता येतात. प्रत्येकात एक वाटा s आणि तीन वाटे p, म्हणून नाव sp³. तीनच मिसळले तर sp² आणि १२० अंश, दोनच मिसळले तर sp आणि १८० अंश.

यात घडणारी घटना अशी कुठलीच नाही. कार्बन आधी आपले कक्षक मिसळतो आणि मग हायड्रोजनला बोलावतो, असे चित्र पुस्तकांतल्या आकृत्यांमुळे मनात ठसते. प्रत्यक्षात संकरण हे रेणूतल्या इलेक्ट्रॉनांचे वर्णन करण्याची एक पद्धत आहे. आकार ठाऊक झाला की त्या आकाराला जुळेल असे मिश्रण निवडायचे. आकारातून संकरण निघते, संकरणातून आकार नाही. एखाद्या अनोळखी रेणूचा कोन ‘sp³ आहे म्हणून’ सांगणाऱ्याला ते sp³ कसे कळले असे विचारले तर उत्तर येते, चार जोड्या मोजल्या म्हणून. म्हणजे भाकीत बेरजेनेच केलेले असते, संकरणाचे फक्त नाव दिलेले असते.

तरीही संकरण टाकाऊ नाही. ते अपूर्णांकात वापरले तर फार बोलके ठरते, आणि शाळा-कॉलेजात नेमके हेच क्वचित सांगितले जाते. s आणि p यांचे प्रमाण एकास तीनच असले पाहिजे असा नियम कुठेही नाही. एका अणूच्या दोन सारख्या बंधांमधला कोन θ मोजलेला असेल तर त्या बंधांत s चा वाटा किती, हे एका ओळीच्या सूत्राने काढता येते:

s = cos θ / (cos θ − 1)

मिथेनसाठी करून पाहू. १०९.५ अंशांचा कोसाइन उणे ०.३३३. तो उणे १.३३३ ने भागला की ०.२५. म्हणजे पंचवीस टक्के s, अचूक sp³. आता पाणी. १०४.५ अंशांचा कोसाइन उणे ०.२५, भागिले उणे १.२५, उत्तर ०.२०. पाण्याच्या प्रत्येक बंधात ऑक्सिजनच्या बाजूने वीस टक्के s आहे. दोन बंधांचे मिळून चाळीस. s कक्षक एकच असल्यामुळे उरलेले साठ टक्के दोन मोकळ्या जोड्यांकडे जातात, प्रत्येकी तीस. पाण्यातला ऑक्सिजन sp³ आहे हे ढोबळमानाने ठीक, पण बंध आणि मोकळ्या जोड्या यांत s ची वाटणी समान झालेली नाही. मोकळ्या जोड्यांना जास्त मिळाले. s कक्षकातला इलेक्ट्रॉन केंद्राच्या जवळ, कमी ऊर्जेत असतो, तेव्हा ज्या जोडीला ओढणारे दुसरे केंद्रच नाही तिला s जास्त देणे अणूला परवडते.

हाच हिशेब एक घर खाली, गंधकावर करून पाहावा. ऑक्सिजन आणि गंधक एकाच गटातले. हायड्रोजन सल्फाइड म्हणजे कुजक्या अंड्यांच्या वासाचा वायू. बेरीज तंतोतंत पाण्याचीच: सहा अधिक दोन आठ, चार जोड्या, दोन मोकळ्या. अंदाज काय बांधाल? पाण्यासारखाच, १०४ च्या आसपास. परीक्षेत ‘sp³, वाकलेला’ एवढे लिहिले की काम भागते. मोजलेला कोन मात्र ९२.१ अंश आहे.

सूत्रात घालू. ९२.१ अंशांचा कोसाइन उणे ०.०३६६, भागिले उणे १.०३६६, उत्तर ०.०३५. साडेतीन टक्के! हायड्रोजन सल्फाइडच्या बंधांत s जवळजवळ नाहीच. गंधक आपले p कक्षक, जे मुळातच परस्परांशी काटकोनात असतात, जवळपास तसेच वापरतो आणि s चा त्र्याण्णव टक्के हिस्सा मोकळ्या जोड्यांपाशी ठेवतो. या रेणूला sp³ म्हणणे म्हणजे पंचवीस टक्क्यांच्या जागी साडेतीन टक्क्यांना तेच नाव देणे. नायट्रोजनच्या गटातही असेच होते. अमोनियाचा कोन १०७, तर त्याखालच्या फॉस्फरसच्या फॉस्फीनचा ९३.५.

असे का होते? ऑक्सिजनचा अणू लहान. पाण्यात त्याचा हायड्रोजनशी बंध ९६ पिकोमीटरचा. इतक्या जवळ आलेले दोन हायड्रोजन आणि त्यांच्या बंधातल्या जोड्या काटकोनात ठेवल्या तर फार दाटी होते, म्हणून कोन उघडतो. कोन उघडायचा तर बंधांत थोडे s मिसळावे लागते. गंधक मोठा, त्याचा हायड्रोजनशी बंध १३४ पिकोमीटरचा. तिथे ९२ अंशांवरही हायड्रोजन एकमेकांपासून पुरेसे लांब असतात. शिवाय खालच्या घरांत s आणि p कक्षकांचे आकारमान एकमेकांशी तितकेसे जुळत नाही, त्यामुळे त्यांच्या मिश्रणातून बंधाला होणारा लाभही घटतो. दाटी नाही आणि लाभही कमी, मग गंधकाने मिसळण्याचा खर्च कशाला करावा?

गिलेस्पी यांच्या सिद्धांतानेही याचे उत्तर दिले जाते. गंधकाची इलेक्ट्रॉन ओढण्याची शक्ती ऑक्सिजनपेक्षा कमी, म्हणून बंधातल्या जोड्या हायड्रोजनकडे सरकलेल्या असतात, गंधकापासून लांब असतात आणि एकमेकींना कमी ढकलतात. दिशा बरोबर आहे. पण त्यावरून कोणी ९२ चे भाकीत केले असते असे वाटत नाही. इथे बेरजेची सीमा स्पष्ट दिसते: वाकलेला आकार तिने अचूक सांगितला आणि कोनात तिची बारा अंशांची चूक झाली.

संकरणाच्या नावाखाली आणखी एक गोष्ट वर्षानुवर्षे पुढे ढकलली जाते. क्लोरीन ट्रायफ्लोराइडमध्ये पाच जोड्या, तेव्हा पाच कक्षक हवेत. एक s आणि तीन p मिळून चारच होतात, म्हणून पाचवा d कक्षक घ्या आणि sp³d म्हणा. नोट्समध्ये ते ठळक अक्षरांत असते. परंतु क्लोरीनचे रिकामे d कक्षक ऊर्जेने फार वर आहेत, आणि संगणकावरच्या काटेकोर गणितांनी दाखवले आहे की बंधांतला त्यांचा वाटा अगदी किरकोळ असतो. त्याऐवजी जी मांडणी अधिक पटते ती १९५१ मध्ये रंडल आणि पिमेंटेल या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे सुचवली. टीच्या आडव्या रेषेतले दोन फ्लोरीन आणि मधला क्लोरीन असे तीन अणू क्लोरीनचा एकच p कक्षक वापरून चार इलेक्ट्रॉनांत दोन बंध भागवतात. त्यांपैकी दोनच इलेक्ट्रॉन खऱ्या अर्थाने बांधण्याचे काम करतात, म्हणजे प्रत्येक बंधाच्या वाट्याला अर्धीच जोडी. असे बंध साध्या बंधापेक्षा लांब आणि सैल असणार. वर दिलेले १७० आणि १६० पिकोमीटर पुन्हा पाहावेत. d कक्षकाला न बोलावताही फरक समजतो.

मग sp³d शिकवायचेच कशाला? खरे तर नकोच. आकार बेरजेने कळतो, बंधांची लांबी तीन अणूंच्या सामायिक बंधाने कळते, मधल्या नावाने नवीन काही कळत नाही. पण परीक्षेतल्या पर्यायांत ते असते तोवर विद्यार्थ्याला पाठ करणे भाग आहे.

गिलेस्पींच्या सिद्धांताची खरी कसोटी झेनॉनने पाहिली. झेनॉन हा निष्क्रिय वायू कोणाशीच संयोग पावत नाही, असे १९६२ पर्यंत बहुतेकांनी गृहीत धरले होते. त्या वर्षी कॅनडातल्या व्हँकुव्हर येथे नील बार्टलेट यांनी झेनॉनचे पहिले संयुग बनवले. काही महिन्यांतच शिकागोजवळच्या अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत निकेलच्या भांड्यात झेनॉन आणि फ्लोरीन ४०० अंशांवर तासभर तापवून झेनॉन टेट्राफ्लोराइडचे पांढरे स्फटिक मिळाले. बेरीज करून पाहा: आठ अधिक चार बारा, सहा जोड्या, दोन मोकळ्या. सहा जोड्या अष्टफलकात, दोन मोकळ्या समोरासमोर, चार फ्लोरीन एका पातळीत चौरसात. मोजमापात सपाट चौरसच निघाला.

पुढचे संयुग झेनॉन हेक्झाफ्लोराइड. इथे मतभेद झाले. सहा फ्लोरीन सहा दिशांना, सुबक अष्टफलक, सगळे कोन ९० अंशांचे, असे काही जणांचे भाकीत होते. गिलेस्पींची बेरीज निराळे सांगत होती: आठ अधिक सहा चौदा, सात जोड्या, त्यातली एक मोकळी. सातव्या जोडीला जागा लागणार, म्हणून अष्टफलक बिघडलेले असणार. १९६८ मध्ये वायुरूपातल्या रेणूवर इलेक्ट्रॉनांचा झोत टाकून बार्टेल आणि गॅव्हिन यांनी मोजणी केली तेव्हा अष्टफलक बिघडलेलेच आढळले. ते एका जागी स्थिरही नसते. मोकळी जोडी अष्टफलकाच्या एका पाखेवरून दुसऱ्या पाखेवर सतत सरकत राहते. मोठ्या गणिताला टाळून केलेल्या बेरजेचे याहून चांगले यश सापडणे कठीण.

पण तीच बेरीज लगेच दुसरीकडे अडखळते. ब्रोमीनभोवती सहा फ्लोरीन आणि एक जादा इलेक्ट्रॉन असलेला ऋण आयन घ्या. सात अधिक सहा अधिक एक, चौदा. पुन्हा सात जोड्या, एक मोकळी. झेनॉनच्या अनुभवावरून अष्टफलक बिघडलेले असायला हवे. क्ष-किरणांनी पाहिल्यावर ते अगदी सुबक निघाले. ब्रोमीन लहान आहे, सहा फ्लोरीन त्याभोवती इतके खेटून बसतात की सातव्या जोडीला बाहेर डोकावायला फट उरत नाही. ती केंद्राभोवती गोल s कक्षकात पडून राहते आणि आकारावर काहीच खूण उमटवत नाही. ब्रोमीनच्या जागी त्याहून मोठा आयोडीन ठेवला की फट मिळते आणि अष्टफलक पुन्हा बिघडते. लोह, निकेल, तांबे यांसारख्या संक्रमण धातूंच्या संयुगांत तर ही बेरीज वापरूच नये. तिथले d इलेक्ट्रॉन मोकळ्या जोड्यांसारखे वागत नाहीत आणि त्यांच्यासाठी वेगळा सिद्धांत आहे.

तेव्हा अनोळखी रेणू समोर आला तर आधी मधला अणू मुख्य गटातला आहे ना, हे पाहावे. मग जोड्या मोजाव्यात, मोकळ्या जोड्या ऐसपैस जागी बसवाव्यात आणि आकाराचे नाव बिनधास्त लिहावे. कोन लिहिताना ‘पेक्षा कमी’ किंवा ‘पेक्षा जास्त’ एवढ्यावर थांबावे. अणू दुसऱ्या ओळीच्या खालचा असेल, त्यावर मोकळी जोडी असेल आणि त्याला हायड्रोजन जोडलेले असतील तर कोन ९० च्या जवळ असेल असे समजावे. आणि संकरण लिहायचेच असेल तर मोजलेला कोन शोधून वरच्या सूत्रात घालावा. फॉस्फीनच्या ९३.५ अंशांसाठी उत्तर सहा टक्क्यांच्या जवळपास येते, पंचवीस नाही.